स्नेहसंमेलनातलं वाचनाचं भाषण : तीन मिनिटं, एक पुस्तक, 42 दिवस



डिसेंबर-जानेवारी आला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. नाच बसतात, कपडे भाड्याने येतात, आणि कुणीतरी शिक्षक हळूच म्हणतात, "बाई, बक्षीस वितरणाच्या आधी तुम्ही वाचनावर दोन शब्द बोला." हे दोन शब्द मी अनेक वर्षं बोलत आले आहे. आज त्याच भाषणाविषयी माझं मत मांडते, आणि शेवटी एक नमुना भाषणही देते.

माझं मत असं आहे की आपण ही भाषणं चुकीची करतो. 'वाचाल तर वाचाल' पासून सुरुवात होते, मग थोरामोठ्यांची नावं येतात, मग मोबाईलला नावं ठेवून होतात, आणि 'चला तर मग, आजपासून रोज वाचूया' म्हणून टाळ्या. मुलं टाळ्या वाजवतात कारण भाषण संपलेलं असतं.

काही वर्षांपूर्वी मी असंच बारा मिनिटांचं भाषण केलं होतं. दुसऱ्या दिवशी सातवीतली एक मुलगी माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "बाई, आजपासून वाचायचं म्हणजे नेमकं काय वाचू?" मी म्हटलं, "चल, कपाटातून काढून देते." गेलो तर ग्रंथालयाच्या कपाटासमोर संमेलनाचे पडदे, पुठ्ठ्याचा किल्ला आणि कपड्यांची गाठोडी रचलेली. किल्ली ज्यांच्याकडे होती ते सर रजेवर. ते सामान हलायला आठ दिवस लागले. मुलीने पुन्हा विचारलं नाही. त्या एका पोरीला माझं भाषण खरंच पोहोचलं होतं, आणि तिलाच मी रिकाम्या हाताने परत पाठवलं. ही गोष्ट मला अजून टोचते.

भाषणात काय सांगायचं?

'रोज वाचा' ही सूचना मुलाच्या हातात काहीच देत नाही. काय वाचायचं, किती, कधी आणि कधीपर्यंत, या चार प्रश्नांची उत्तरं भाषणातच मिळाली तर मूल दुसऱ्या दिवशी सुरुवात करू शकतं. म्हणून आता मी भाषणात एकाच पुस्तकाचं नाव घेते. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ते नाव 'श्यामची आई'.

यामागे भावनेपेक्षा सोय जास्त आहे. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि 1935 साली ते प्रसिद्ध झालं. आश्रमातला श्याम रोज रात्री मित्रांना आईची एक आठवण सांगतो, म्हणून यातल्या प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय. अशा 42 रात्री पुस्तकात आहेत. म्हणजे रोज किती वाचायचं हे आपल्याला ठरवावंच लागत नाही, लेखकानेच घास करून ठेवलेत. बहुतेक रात्री सातवीच्या मुलाच्या वेगाने पंधरा-वीस मिनिटांत होतात. प्रत्येक रात्रीत एक प्रसंग पूर्ण होतो, त्यामुळे मूल अर्ध्यात लटकत नाही. गुरुजींचं निधन 1950 साली झालं, आणि आपल्याकडच्या कायद्यानुसार साठ वर्षांनी पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळं होतं. त्यामुळे आज त्याच्या स्वस्त आवृत्त्या सहज मिळतात. चार-पाच प्रती घ्यायला शाळेला फार खर्च येत नाही.

आता तारखांचं बघा. 17 जानेवारीला पहिली रात्र वाचली तर जानेवारीचे 15 दिवस होतात. फेब्रुवारीचे 27 धरले की बरोबर 42. म्हणजे शेवटची रात्र 27 फेब्रुवारीला येते, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिनाला. त्या दिवशी शाळेत कार्यक्रम असतोच. मुलाला शेवट दिसतो, आणि वार्षिक परीक्षेची धावपळ सुरू व्हायच्या आत पुस्तक हातावेगळं होतं. रविवारही यात धरलेत, मुद्दाम. रविवारी सुटलं की सोमवारीही सुटतं, हा माझा अनुभव.

नमुना भाषण

सन्माननीय व्यासपीठ, पालक आणि माझ्या मुलांनो,

मी तीनच मिनिटं बोलणार आहे, कारण मागे नाचाची मुलं तयार होऊन उभी आहेत हे मला ठाऊक आहे.

मुलांनो, एक मुलगा होता. आंघोळ झाली की ओल्या पायांना माती लागू नये म्हणून तो आईला म्हणायचा, तुझा पदर पसर, मी त्याच्यावर पाय ठेवतो. आई पदर पसरायची. पण एक दिवस ती त्याला असं काहीतरी म्हणाली की ते तो मोठा झाला तरी विसरला नाही. काय म्हणाली? मी सांगणार नाही. ते सहाव्या रात्री आहे.

हाच मुलगा पोहायला इतका घाबरायचा की घरात लपून बसायचा. मग त्याच्या एवढ्या मायाळू आईने काय केलं असेल? तेही सांगणार नाही. ते बाराव्या रात्री आहे.

पुस्तकाचं नाव 'श्यामची आई'. त्यात 42 रात्री आहेत. उद्या 17 जानेवारी. उद्यापासून रोज एक रात्र वाचायची. जेवण झालं, ताट उचललं, की लगेच. झोपताना नाही, तेव्हा डोळे मिटतात. 27 फेब्रुवारीला पुस्तक संपेल.

एखादा दिवस चुकला तर? चुकू दे. दुसऱ्या दिवशी दोन रात्री वाचायच्या नाहीत, एकच वाचायची. तुमचं पुस्तक एक दिवस उशिरा संपेल, एवढंच.

यावर परीक्षा नाही. निबंध नाही. बक्षीसही नाही.

पालकांनो, तुम्हाला एकच विनंती. ती पंधरा-वीस मिनिटं घरातला टीव्ही बंद ठेवा. आणि तुम्हाला वाचता येत असेल तर त्याच वेळी तुम्हीही काहीतरी वाचा, अगदी सकाळचा पेपरसुद्धा चालेल.

मुलांनो, ग्रंथालयाचं कपाट उद्या सकाळी प्रार्थनेच्या आधी उघडं असेल. मी स्वतः तिथे उभी असेन. या.

धन्यवाद.

दुसऱ्या दिवसापासून काय होतं?

भाषणातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते खरं करता येणार नसेल तर भाषणच करू नये असं मी म्हणेन. संमेलनाचं सामान कपाटासमोर ठेवायचं नाही हे आधीच शिपाईमामांना सांगून ठेवा. किल्ली आदल्या दिवशी स्वतःकडे घ्या. प्रती कमी असतील तर मुलांच्या जोड्या लावा. शेजारी राहणाऱ्या दोघांत एक प्रत छान चालते, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं, उद्या उलट.

पहिले सात-आठ दिवस उत्साहाचे असतात. गळती साधारण दुसऱ्या आठवड्यात सुरू होते. कुणाच्या घरी लग्न निघतं, कुणी आजारी पडतं, दोन दिवस चुकतात आणि मग मूल स्वतःहूनच समजतं की आपलं संपलं. म्हणून भाषणात 'चुकू दे' हे वाक्य घातलंय. ते दुसऱ्या आठवड्यात वर्गात पुन्हा सांगावं लागतं.

मूल खरंच वाचतंय का, हे कसं ओळखायचं? आपण चटकन वही काढायला लावतो, रोज पाच ओळी सारांश. मी एक वर्ष हे केलं आणि चूक कळली. मुलं पाठ्यपुस्तकासारखं पहिलं आणि शेवटचं वाक्य उतरवू लागली. आता मी हजेरी घेताना दोघा-तिघांना सहज एक प्रश्न विचारते, "काल श्यामचं कुठे चुकलं?" वाचलेलं मूल या प्रश्नावर श्यामची बाजू घेऊन भांडतं. तिसऱ्या रात्री मुलं झाडावरच्या न उमललेल्या कळ्याच तोडून आणतात आणि आई समजावते. त्यावर एक मुलगा मला म्हणाला, "बाई, पण दुसरी पोरं नेणारच होती ना, मग श्यामनेच का थांबायचं?" सारांशाच्या वहीत हा प्रश्न कधीच आला नसता.

कुठे अडतं?

प्रामाणिकपणे सांगते, हे पुस्तक सगळ्यांना झेपत नाही. कोकणातल्या जुन्या घरातले शब्द, सोवळं-ओवळं, मधूनच येणारे संस्कृत श्लोक, यांना मुलं अडखळतात. श्लोक ओलांडून पुढे जा, असं मी सरळ सांगते. बाकी शब्द घरच्या आजीला विचारायचे. आजीला बरं वाटतं आणि तिचीही एखादी रात्र बाहेर येते.

तरीही पुस्तक जड जातंय का, हे पाहायला बोटांची युक्ती वापरा. मुलाला कुठलंही एक पान वाचायला द्या. न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक अजून त्याचं नाही. अशा मुलाला ताम्हनकरांचा 'गोट्या' किंवा भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' द्या. त्याहून लहान असेल तर 'किशोर' मासिक द्या. बालभारती ते 1971पासून काढतंय, आणि त्यातली एक गोष्ट म्हणजे एका दिवसाचं वाचन. पुस्तक बदलू द्या, वेळ बदलू देऊ नका. ताट उचललं की वाचन, एवढं कायम राहिलं पाहिजे.

मागच्या वेळी आमच्या वर्गातल्या सगळ्यांचं पुस्तक संपलं नाही. निम्म्याहून थोडी जास्त मुलं शेवटापर्यंत पोहोचली, काही मार्चच्या पहिल्या आठवड्यात. पण 28 फेब्रुवारीला सकाळी कपाटापाशी सहा-सात मुलं उभी होती. त्यांना विचारायचं होतं, "बाई, आता पुढचं कुठलं?"

तेव्हा या वर्षी भाषणाला उभं राहण्याआधी पुढचं पुस्तक काढून ठेवा. आणि कपाटाची किल्ली तेवढी विसरू नका.