ओवीतली चूक कोणाची?

जात्यावरच्या ओव्या छापील स्वरूपात वाचणाऱ्यांच्या दोन तऱ्हा मला नेहमी दिसतात. पहिल्या तऱ्हेचा वाचक हातात लाल पेन घेऊन बसतो. 'म्या' दिसले की 'मी' करतो, विभक्तीचा प्रत्यय नसला की घालतो, आणि बाई अडाणी होती म्हणून सोडून देतो. दुसऱ्या तऱ्हेचा वाचक भाविक असतो. त्याला प्रत्येक वाकड्या शब्दात प्रतिभा दिसते. चूक नावाची गोष्ट ओवीत असूच शकत नाही, असे तो मानतो. माझ्या मते दोघेही एकच गोष्ट करायची टाळतात. ती बाई रोजच्या बोलण्यात काय म्हणत होती, हे दोघेही विचारत नाहीत.

हा प्रश्न भोर आणि वेल्हे या तालुक्यांच्या संदर्भात विचारण्याला कारण आहे. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागापासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. भोर, वेल्हे, मुळशी, मावळ या तालुक्यांतली गावे त्यात आहेत. पुढे हा संग्रह राज्यभर पसरला आणि एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. 'पारी' या संकेतस्थळावर आज तो वाचायला, आणि काही ओव्यांच्या बाबतीत ऐकायलाही मिळतो. ओवीबरोबर गाणारीचे आणि गावाचे नाव नोंदलेले असते. आपल्या प्रश्नासाठी ही नोंद फार मोलाची आहे, कारण गाव कळल्याशिवाय व्याकरण तपासता येत नाही.

आधी 'म्या'चेच पाहू. 'म्या केलं' हे ऐकून शहरी कानाला एक तर गावंढळपणा वाटतो किंवा मुद्दाम आणलेला जुना थाट वाटतो. प्रत्यक्षात ते दोन्ही नाही. मराठीत 'मी' हा कर्ता वेगळा आणि 'म्यां' हे तृतीयेचे रूप वेगळे होते. ज्ञानेश्वरांच्या काळापासून ते लेखनात आहे. पुढे प्रमाण मराठीने दोन्ही कामे 'मी'वर सोपवली, ग्रामीण बोलीने जुना भेद राखला. म्हणजे 'मी जाते' आणि 'म्या केलं' असे बोलणारी बाई आपल्यापेक्षा एक नियम जास्त पाळते. तिने 'म्या जाते' म्हटले असते, तर मात्र थांबून विचार करावा लागला असता.

दुसरे उदाहरण विभक्तीचे. 'पंढरी जाईन' असे कोणी गायले, तर 'ला' गाळला म्हणून आपण लगेच छंदाची सबब पुढे करतो. पण मराठीत 'ईं' हा सप्तमीचा जुना प्रत्यय आहे. घरीं, दारीं, रानीं, वनीं ही त्याचीच रूपे. 'पंढरी' या शब्दाच्या शेवटी आधीच 'ई' असल्याने प्रत्यय लागूनही शब्द बदललेला दिसत नाही. पूर्वी निदान अनुस्वाराने तो कळत असे. साहित्य महामंडळाच्या 1962च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि कागदावरची तीही खूण गेली. आता 'पंढरी' उघडाबोडका दिसतो. प्रत्यय गाणारीने गाळलेला नसेलही, तो आपल्या लेखनपद्धतीत दिसेनासा झाला असेल. हे तपासायचे कसे? त्याच बाईच्या इतर ओव्या पाहायच्या. 'रानी', 'अंगणी' अशी रूपे ती सहज वापरत असेल, तर 'पंढरी'ही त्याच रांगेत बसतो. 'पुणं जाईन' किंवा 'आळंद जाईन' असे काही आढळले, तरच प्रत्यय गाळल्याची गोष्ट खरी.

छंदाची सबब ओवीला फार वेळा लागूही पडत नाही. गझल किंवा अक्षरगणवृत्त यात मात्रा ठरलेल्या असतात. एक अक्षर जास्त झाले की ओळ मोडते. जात्यावरच्या ओवीचे तसे नाही. ती बहुधा दोन ओळींची असते आणि चाल जात्याच्या फेऱ्याबरोबर फिरते. जागा कमी पडली तर बाई स्वर आखडते, उरली तर 'गं', 'बाई', 'ना' असा शब्द घालते किंवा स्वर लांबवते. तिच्यावर खरी सक्ती एकाच ठिकाणी असते, ओळीच्या शेवटी, यमकावर. म्हणून वेगळे रूप ओळीच्या शेवटी आले असेल तर यमकाचा विचार करावा. तेच रूप ओळीच्या मध्ये आले असेल, तर छंदाचे नाव पुढे करू नये.

आता एक ओळ धरून पाहू. ही ओळ कोणत्याही संग्रहातली नाही, समजावण्यासाठी मीच जुळवली आहे. 'म्या दळले जोंधळं, वाट चालला बाळ माझा.' प्रमाण मराठीच्या शिक्षकाला यात चार खुणा करता येतील. 'म्या'चा निकाल लागला आहे. 'वाट चालणे' हा मराठीचा नेहमीचा प्रयोग आहे, तिथे प्रत्यय शोधायचे कारण नाही. 'बाळ माझा' यात नपुंसकलिंगी बाळ पुल्लिंगी झाला आहे, पण मुलगा डोळ्यांसमोर असताना आई 'माझा बाळ' म्हणतेच. शब्दांची उलटापालट तर कोणत्याही गाण्यात चालते.

उरले 'दळले जोंधळं'. खरी गडबड इथे आहे आणि लाल पेनवाल्याच्या ती लक्षातही येणार नाही, कारण 'दळले' त्याला शुद्ध वाटते. पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण बोलीत अनेकवचनाचा शेवटचा 'ए' हा 'अं' होतो. डोळे होतात डोळं, आंबे होतात आंबं, आणि क्रियापदही त्याच वळणाने जाते. म्हणजे बोलीत 'दळलं जोंधळं' हवे आणि प्रमाण मराठीत 'दळले जोंधळे'. ओळीत अर्धे इकडचे आणि अर्धे तिकडचे आले आहे. अशी जोडी दिसली की माझा पहिला संशय गाणारीवर जात नाही, लिहून घेणाऱ्यावर जातो. शाळेत शिकलेला हात ऐकता ऐकता नकळत 'दळले' लिहितो, मग 'जोंधळं'पाशी कान जागा होतो. हा माझा संशय आहे, निकाल नव्हे. मुलाच्या पुस्तकातून किंवा रेडिओवरून प्रमाण रूपे गाणारीच्या तोंडी बसलेली असू शकतात. म्हणून आधी ध्वनिमुद्रण असेल तर ऐकावे. ते नसेल तर त्याच बाईच्या दहा-वीस ओव्या पाहाव्यात. तिथे सगळीकडे 'अं' असेल आणि हा एकच 'ए' असेल, तर तो तिचा नाही असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. तिच्या ओव्यांत दोन्ही रूपे विखुरलेली असतील, तर तिची भाषाच तशी मिसळलेली आहे आणि चूक कोणाचीच नाही.

मग जाणूनबुजून केलेली शैली कशाला म्हणायचे? माझी कसोटी अशी. नेहमीचे रूप त्या बाईला माहीत असले पाहिजे, ते त्या जागी बसतही असले पाहिजे, आणि तरी तिने दुसरे निवडल्याने अर्थात काही बदलले पाहिजे. तिन्ही गोष्टी जुळल्या तर ती शैली.

उर्दू शायरीत 'शुतुरगुर्बा' नावाचा एक दोष सांगतात. शब्दशः अर्थ उंट आणि मांजर. एकाच शेरात एकाच माणसाला एकदा 'तू' आणि एकदा 'तुम' म्हटले, तर उस्ताद ही बेमेल जोडी दाखवून शेर परत करतात. ते योग्यच आहे, कारण तिथे बहुतेक वेळा कारण निव्वळ वजनाचे असते. 'तेरा'च्या चार मात्रा, 'तुम्हारा'च्या पाच, जे बसेल ते घातलेले असते. ओवीत मात्र हीच गोष्ट वेगळी ठरू शकते. भावाला एरवी 'तू' म्हणणारी बहीण सासरच्या उंबऱ्यावर, सासूच्या देखत त्याला 'तुम्ही' म्हणू शकते. सर्वनाम बदलले, कारण ऐकणारे बदलले. ओळीत उंबरा, सासू, पाहुणा असे काही असेल तर तो बदल अर्थाचा आहे. असे काहीच नसेल आणि 'तुम्ही' यमकासाठी आला असेल, तर तो सैलपणा आहे असे म्हणायला मी कचरणार नाही.

गाव कळणे किती गरजेचे आहे ते आणखी एका उदाहरणाने सांगतो. कोल्हापूरकडे अनेक बायका रोजच्या बोलण्यात 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. तिथल्या गाण्यात बाई 'मी येतो' म्हणाली, तर तिने पुरुषाचा आवाज घेतला असा निबंध लिहिणे हास्यास्पद होईल. पण ज्या गावात बायका 'मी येते' म्हणतात, तिथे तेच वाक्य आले तर कान टवकारावेत. ती मुलाच्या किंवा भावाच्या तोंडचे बोलत असेल. शब्द तेच, पण एका गावी ते साधे बोलणे ठरते आणि दुसऱ्या गावी कला.

आपल्यापैकी ज्यांच्या घरात दखनी बोलली जाते त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. 'ने' न लावता 'मैं बोल्या' म्हणणे, 'बाताँ', 'लोगाँ' असे अनेकवचन करणे, मराठीचा 'च' जोडून 'वोच' म्हणणे, याला बिघडलेली उर्दू म्हणणारे आपण सर्वांनी ऐकले आहेत. कुली कुतुबशहाच्या काव्यात हीच 'आँ'ची अनेकवचने आहेत. ती त्याची चूक नव्हती आणि कवी म्हणून केलेली करामतही नव्हती. ती त्याची भाषा होती. नंतरच्या काळात उत्तरेची भाषा प्रमाण ठरली आणि मागच्या काव्यात दोष दिसू लागले.

म्हणून माझे म्हणणे ठाम आहे. चूक की शैली हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. ही त्या बोलीतली साधी, बरोबर भाषा आहे का, हा प्रश्न पहिला. त्याचे उत्तर 'हो' आले की पुढचा प्रश्न उरतच नाही, आणि माझ्या वाचनात बहुतेक वेळा ते 'हो'च येते. जे उरते त्यात खऱ्या चुका असतात. पण गाणारीची चूक, ऐकणाऱ्याची चूक आणि छापणाऱ्याची चूक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गाणाऱ्या बाईकडून कधी चूक होतच नाही असे मानणे हाही आदर नव्हे. जिच्याकडून चूक होऊ शकत नाही, तिने काही निवडले असेही म्हणता येत नाही.

गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. ज्यांना विचारता येईल अशा गाणाऱ्या बायका आता वृद्ध आहेत. भोर-वेल्ह्यातल्या कोणी आपल्या आजीच्या ओव्या वहीत उतरवत असेल, तर त्यांना माझी विनंती आहे. ऐकू आले तसेच लिहा. खटकलेल्या शब्दाला दुरुस्त करू नका, त्याच्यावर आकडा घाला आणि शंका खाली वेगळी लिहा. आजी हयात असेल तर ती ओवी गायला न लावता तेच वाक्य साध्या बोलण्यात म्हणायला सांगा. गाण्यात 'दळलं' आणि बोलण्यातही 'दळलं' असेल, तर लाल पेन खिशातच राहू द्या.