तूट किती, भर किती

मागच्या महिन्यात अकरावी कॉमर्सच्या एका मुलीची अम्मी आली होती. अर्थशास्त्रात साठ टक्के येणार असतील तर शिकवणीचे पैसे भरायचे नाहीत, असे घरात ठरले होते. मुलगी म्हणत होती, "बाजी, मला आताच छप्पन्न टक्के आहेत. वार्षिकला चौसष्ट आणले की झाले."

रीत तिची बरोबर होती. आतापर्यंतच्या परीक्षा शंभर गुणांच्या आणि वार्षिकही शंभराची असेल, तर पहिल्या शंभरात साठाला जितके कमी पडले तितके दुसऱ्या शंभरात साठावर जास्त हवेत. तूट चार, म्हणून साठ अधिक चार. कागद-पेन्सिल लागत नाही.

चूक होती ती छप्पन्नमध्ये. तिच्या दोन घटक चाचण्या पंचवीस-पंचवीस गुणांच्या, त्यांत 15 आणि 16. सहामाही पन्नासाची, तिच्यात 22. तिने तिन्हींचे टक्के काढले, 60, 64 आणि 44, आणि त्यांची सरासरी घेतली. पण सहामाहीचे वजन एका चाचणीच्या दुप्पट आहे. अशा वेळी टक्क्यांची नव्हे, गुणांची बेरीज करावी. 15, 16 आणि 22 मिळून 53 होतात. म्हणजे तूट सात, आणि वार्षिकला 67 हवेत. चौसष्टच आणले असते तर 200 पैकी 117, म्हणजे साडेअठ्ठावन्न टक्के झाले असते. वार्षिकच्या शंभरात वीस तोंडी व प्रकल्पाचे असतात. त्यांत 16 धरले तर लेखी ऐंशीपैकी 51 लागतात. मुली हे वीस गुण पुरे मिळणार असे धरून चालतात, तसे धरू नये.

तिचा भाऊ पदवीला आहे. त्याच्याकडे अंतर्गत 40 आणि अंतिम 60 गुण, त्यामुळे तूट जशीच्या तशी जोडून चालत नाही. झालेल्या भागाला उरलेल्याने भागायचे, 40 भागिले 60 म्हणजे दोन-तृतीयांश, आणि तुटीचा तेवढाच हिस्सा जोडायचा. अंतर्गतमध्ये 56 टक्के आणि हवेत 65, तर तूट नऊ, तिचे दोन-तृतीयांश सहा. अंतिमला 71 टक्के, म्हणजे साठापैकी साधारण 43 गुण. उलट 60 गुणांची परीक्षा होऊन गेली असेल आणि 40 उरले असतील, तर तुटीची दीडपट जोडावी लागते. उशिरा जागे झालेल्याला म्हणूनच जड जाते.

उत्तर शंभराच्या वर गेले तर ते लक्ष्य आता हिशेबातूनच गेले, मुलाला रागावून उपयोग नाही. अंतर्गत आणि लेखीत वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागते का, हे मात्र कॉलेजात विचारून घ्यावे. ते या आकड्यात दिसत नाही.

सहामाहीत 44 टक्के मिळवणारीला लेखीत 51, म्हणजे 64 टक्के हवेत. हे ऐकून अम्मीने शिकवणीचे पैसे त्याच गुरुवारी भरले.