दरपत्रकातील तिसरी ओळ

दिवाळीच्या भेटवस्तूंचे दरपत्रक तयार करताना पुष्कळ पेढ्यांवर एकच प्रश्न उभा राहतो. स्वस्त पेटी भराभर खपते, पण तिच्यात मिळकत थोडी. तिच्याहून सरस असलेली मधली पेटी गिऱ्हाईक हातात घेतो, उलटसुलट करून पाहतो आणि 'महाग आहे' म्हणून ठेवून देतो. अशा वेळी मधल्या पेटीचा भाव उतरवण्याचा मोह होतो. वास्तविक, पुष्कळदा भावाला हात न लावता दरपत्रकात आणखी एक ओळ वाढवली, तर तोच भाव वाजवी वाटू लागतो. मात्र ही तिसरी ओळ कशी असावी आणि कशी नसावी, हे नीट समजून घेतले पाहिजे.

इटामार सायमनसन आणि एमॉस ट्व्हर्स्की या अभ्यासकांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. काही लोकांपुढे एकाच कंपनीचे दोन कॅमेरे ठेवले होते, एक सुमारे 170 डॉलरचा व दुसरा सुमारे 240 डॉलरचा. दोहोंना निम्मी-निम्मी पसंती मिळाली. दुसऱ्या गटापुढे या दोहोंच्या जोडीला सुमारे 470 डॉलरचा तिसरा कॅमेरा ठेवला. तेव्हा मधल्याची पसंती शेकडा 57 वर गेली, स्वस्ताची 22 वर उतरली आणि महागाला 21 मिळाली. मधल्या कॅमेऱ्याचा भाव बदलला नव्हता आणि गुणही बदलले नव्हते. बदलली होती ती केवळ त्याची जागा.

याचे कारण मनुष्यस्वभावात आहे. वस्तूची खरी किंमत ज्याला ठाऊक नसते, तो शेजारच्या वस्तूवरून अंदाज बांधतो. सर्वांत स्वस्त घेतले तर हात आखडल्यासारखे दिसेल आणि सर्वांत महाग घेतले तर उधळपट्टी होईल, असे त्याला वाटते. मधली वस्तू या दोन्ही शंकांतून त्याला सोडवते. म्हणूनच हा परिणाम भेटवस्तू, लग्नाची साडी, निमंत्रणपत्रिका अशा ठिकाणी दिसतो. साखर किंवा तूरडाळ यांचा भाव घरोघरी तोंडपाठ असतो, त्यामुळे तेथे तो फारसा उपयोगी पडत नाही. रोजचा भाव जाणणाऱ्या घाऊक खरेदीदारापुढेही त्याचे काही चालत नाही.

आता उदाहरणादाखल सुकामेव्याची एक पेढी घेऊ. तिच्या दरपत्रकात दोन पेट्या आहेत. पहिली 400 ग्रॅमची, काजू-बदामाची, 600 रुपयांस. तिची पडतळ 480 रुपये. दुसरी 600 ग्रॅमची, काजू, बदाम, पिस्ते व मनुका असलेली, 950 रुपयांस. तिची पडतळ 700 रुपये. म्हणजे पहिलीत 120 आणि दुसरीत 250 रुपये सुटतात. शंभर गिऱ्हाइकांपैकी 60 जण पहिली व 40 जण दुसरी घेत असतील, तर एकूण 17,200 रुपये मिळतात.

या दरपत्रकात एक किलोची, अक्रोड व अंजीर घातलेली लाकडी पेटी 1,600 रुपयांस मांडली. तिची पडतळ 1,250 रुपये. समजा, त्यानंतर 35 जणांनी पहिली, 55 जणांनी दुसरी व 10 जणांनी तिसरी घेतली. मिळकत 21,450 रुपये होते, म्हणजे 4,250 रुपयांनी वाढते. तिसरी एकही विकली गेली नाही, पण वीस जण पहिलीवरून दुसरीवर आले, तरीही मिळकत 19,800 होईल. तिसऱ्या ओळीचे मुख्य काम स्वतः खपणे हे नव्हेच.

आणि येथेच पहिली चूक घडते. महाग पेटीचा दिमाख पाहून व्यापारी वीस पेट्या भरून ठेवतो आणि त्यांतील दहा उरतात. मेवा फोडून पुन्हा बरणीत जातो, पण दोनशे रुपयांची एकेक लाकडी पेटी पडून राहते. दोन हजार रुपये तेथे अडकले की वाढलेल्या मिळकतीतला जवळजवळ निम्मा भाग गेला. म्हणून मांडणीपुरत्या दोन-तीन पेट्या भराव्यात आणि बाकीच्या मागणी येईल तशा भरून देण्याची सोय ठेवावी.

दुसरी चूक मधल्या पेटीच्या हिशोबात असते. तिच्यावर आधीच सूट देऊन मिळकत शंभरावर आणली असेल, तर 120 रुपये देणारे गिऱ्हाईक 100 रुपये देणाऱ्या पेटीकडे वळते. गल्ला फुगतो आणि नफा घटतो. तिसरी ओळ लिहिण्यापूर्वी मधल्या पेटीत पहिलीपेक्षा खरोखर अधिक सुटते का, हे पाहावे.

तिसरी चूक अंतराची. महाग पेटी त्याच जातीची, पण वजनाने व वाणांनी चढती असावी. तिच्या जागी चांदीच्या वाटीसह सहा हजारांचा संच ठेवला, तर गिऱ्हाईक त्याला वेगळीच वस्तू समजते आणि तुलना पुन्हा पहिल्या दोन पेट्यांतच होते.

परिणाम पारखताना एकूण विक्री पाहू नये, कारण सण जवळ आला की ती आपोआप वाढते. शंभर गिऱ्हाइकांमागे कोणती पेटी किती जणांनी घेतली, याची नोंद तिसऱ्या ओळीआधी व नंतर ठेवावी. सोबत, दरपत्रक पाहून काहीच न घेता परतलेल्यांचीही मोजदाद करावी. ती वाढली, तर महाग आकड्याने दुकानच महाग वाटू लागले आहे, असे समजावे.

खरेदी करणाऱ्या गृहिणीनेही ही रीत जाणून घ्यावी. दरपत्रक हाती येण्यापूर्वीच किती जणांना भेट द्यायची व दर पेटीमागे किती खर्च करायचा, हे ठरवावे. मग शंभर ग्रॅमचा भाव काढावा. वरील पेट्यांत तो अनुक्रमे 150, सुमारे 158 आणि 160 रुपये येतो. म्हणजे मधली व महाग यांत वजनाच्या मानाने फारसा फरक नाही, आणि पहिलीत वाण कमी असले तरी ती तोट्याची नाही. प्रत्येक ओळीपुढे वजन व वाण स्पष्ट लिहिणारा दुकानदार हा हिशोब गिऱ्हाइकाला करू देतो.

येथेच या रीतीची मर्यादाही ठरते. केवळ मधली पेटी स्वस्त भासावी म्हणून, न ठेवलेल्या किंवा त्या भावाच्या लायकीच्या नसलेल्या मालाची ओळ लिहिणे म्हणजे फसवणूक होय. ती ओळखण्याची कसोटी सोपी आहे. एखाद्या गिऱ्हाइकाने सर्वांत महाग पेटी मागितली, तर ती त्याच भावात, समाधानाने देता आली पाहिजे. 'ती नको, मधलीच घ्या' असे सांगण्याची वेळ येत असेल, तर ती ओळ दरपत्रकातून काढून टाकावी. नात्यागोत्यात एकाच दुकानातून वर्षानुवर्षे खरेदी होते, आणि अशी ओळ एका दिवाळीत खपली तरी पुढच्या दिवाळीला तिची चर्चा घराघरांत झालेली असते.