‘स्टुडंट फेअर’ तोंडी नको, तिकिटावर दाखवा!

मंडळी, परवा पहाटे ओळखीच्या एका शेतकरी गृहस्थांचा नागपूर विमानतळावरून फोन आला. "भाऊ, हे लोक म्हणतात सामान फक्त पंधरा किलो चालते. आमच्याकडे त्रेचाळीस आहे. काय करू?"

पोरगा मास्टर्ससाठी जर्मनीला निघालेला. आई काउंटरसमोर फरशीवर बसून बॅग उघडत होती. कुकर बाहेर, चटणीचे डबे बाहेर, थंडीचे कपडे अंगावर.

तिकीट काढून दिलं होतं प्रवेशाचं काम करणाऱ्या कन्सल्टन्सीने. "स्टुडंट फेअर आहे, ४६ किलो सामान फ्री," असं सांगून. त्यांच्या लेटरहेडवर तसं छापूनही दिलं होतं. पण लेटरहेड म्हणजे तिकीट नव्हे. खरं ई-तिकीट मागवून पाहिलं, तर नागपूर-मुंबईसमोर 15K आणि मुंबई-फ्रँकफर्टसमोर 1PC. म्हणजे देशात पंधरा किलो, पुढे २३ किलोची एकच बॅग. भाडं साधंच लावलेलं होतं. ‘स्टुडंट’ हा शब्द फक्त बोलण्यात होता.

त्यात दोन्ही तिकिटं वेगवेगळी. "वेगळी काढली की चार हजार वाचतात" हा कन्सल्टन्सीचाच सल्ला. एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर प्रवास असता, तर बहुतेक वेळा आंतरराष्ट्रीय सामानाची सवलत नागपूरपासूनच लागू होते आणि बॅग थेट शेवटच्या मुक्कामी निघते. वेगळी तिकिटं असली की पहिल्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त मुंबईला चाललेले प्रवासी. पोरगा पुढे जर्मनीला जातोय याच्याशी तिला देणंघेणं नसतं. मुंबईत बॅगा उतरवून घ्यायच्या आणि पुन्हा चेक-इन करायच्या, तेही आलंच.

आता हिशोब बघा. नागपूरला जास्तीचे २८ किलो, किलोला ६०० रुपये, झाले १६,८००. मुंबईत दुसऱ्या बॅगेचे ९,०००. एकूण २५,८०० रुपये. वाचवले किती? चार हजार. आणि हे पैसे शिक्षणकर्जातले, ज्यावर व्याज चालू आहे.

कन्सल्टन्सीवाल्यांना विचारलं तर म्हणाले, "एअरलाइनचे नियम आहेत, आम्ही काय करणार?" अहो, नियम एअरलाइनचेच, मान्य. पण ४६ किलो कोणी छापलं? एअरलाइनने तर तिकिटावर खरं तेच लिहिलं होतं. ते तिकीट घरच्यांना दाखवलं का नाही?

स्टुडंट फेअर ही खोटी गोष्ट नाही. अनेक विमान कंपन्या ती देतात. कुणी दहा किलो वाढवून देतं, कुणी २३ किलोची एक बॅग जास्त, कुणी तारीख एकदा फुकट बदलू देतं. व्हिसा लांबला तर ही तारखेची सवलत सामानापेक्षा जास्त कामाची. पण बुकिंग करतानाच तो प्रकार निवडावा लागतो. साधं तिकीट काढून काउंटरवर "मी विद्यार्थी आहे" म्हटलं, तर कोणी ऐकत नाही.

पुरावाही लागतो, आणि इथे आणखी एक गोम आहे. काही ठिकाणी विद्यार्थ्याचं ओळखपत्र मागतात. पहिल्यांदा जाणाऱ्या पोराकडे ते कुठून येणार? कार्ड तिकडे पोचल्यावर मिळतं. म्हणून प्रवेशपत्र आणि विद्यार्थी व्हिसा चालेल का, हे आधी कंपनीलाच ईमेलने विचारा. आलेलं उत्तर आणि त्या कागदांच्या प्रती हातातल्या बॅगेत ठेवा.

आणि नावाला भुलू नका. कधी कधी साधं तिकीट आणि ऑनलाइन आधीच घेतलेली जादा बॅग मिळून स्टुडंट फेअरपेक्षा स्वस्त पडतं. दोन्ही बेरजा मांडून बघा. एक बॅग मात्र ३२ किलोच्या वर नेऊ नका. पैसे भरायची तयारी असली तरी सहसा घेत नाहीत.

पैसे देण्याआधी एवढंच करा. लेटरहेड बाजूला ठेवा, पीएनआर मागा. एअरलाइनच्या स्वतःच्या वेबसाइटवर तो टाका आणि प्रत्येक टप्प्यासमोरचं सामान वाचा. तिथे 2PC दिसलं तर दोन बॅगा. 1PC दिसलं तर एकच, मग कोणी काहीही सांगो.

आपल्या गावातल्या सगळ्या कन्सल्टन्सींना जाहीर विचारतो: गिऱ्हाइकाला मूळ ई-तिकीट बुकिंगच्या दिवशीच द्यायला अडचण काय आहे? नसेल तर उद्यापासून द्या. आणि जे लेटरहेडवर छापता ते तिकिटावर नसेल, तर फरकाचे पैसे तुम्ही भरा.

कुकर शेवटी परत गावाला आला. पोरगा गेला. बाप मला म्हणाला, "जाऊ द्या भाऊ, पोराचं चांगलं झालं म्हणजे झालं." या ‘जाऊ द्या’वरच यांची दुकानं चालतात.

ज्यांच्या घरचं पोरगं-पोरगी यंदा निघतेय, त्यांना हे आजच वाचायला द्या.