सातचा रंग नेमका कुठे लागतो?

काही माणसांना पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने छापलेला सातचा आकडा पिवळा वाटतो. शाई काळी आहे हे त्यांना नीट दिसत असतं. तरी सात आला की पिवळा येतोच, बोलावल्याशिवाय येतो, आणि वर्षानुवर्षं तोच येतो. कुणाला हा रंग कागदावरच दिसतो, बहुतेकांना मनात. याला सिनेस्थेशिया म्हणतात, मराठीत सहसंवेदन म्हणू. अक्षरांना किंवा आकड्यांना असा रंग असणारी माणसं साधारण शंभरात एखादी सापडतात.

याविषयी आपल्याकडे काही वाचायला मिळतं तेव्हा एकच वाक्य असतं: मेंदूतल्या वायरी एकमेकींत गुंतल्या. माझा या वाक्यावर राग आहे. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ते कुठेतरी वाचलं आणि सहावीतल्या मुलीचा एक्स-रे काढावा का, असं मला विचारलं. मुलगी अभ्यासात ठीक, हसतमुख; फक्त सात हिरवा आहे आणि नऊ तपकिरी, असं म्हणायची. मी म्हटलं, "भाईसाब, एक्स-रेमध्ये काही निघणार नाही, कारण काही बिघडलेलंच नाही."

'वायरी गुंतल्या' हे खरं तर दोनपैकी एका मताचं ओबडधोबड रूप आहे. ते मत रामचंद्रन आणि हबर्ड यांनी २००१ साली मांडलं. मेंदूच्या तळाशी, मागच्या बाजूला फ्युजिफॉर्म नावाची एक वळी आहे. अक्षरं आणि आकडे ओळखणारा भाग तिथे आहे आणि त्याला लागूनच रंग ओळखणारा भाग. लहानपणी मेंदूत जोडण्या गरजेपेक्षा जास्त असतात, पुढे त्यातल्या बऱ्याच छाटल्या जातात. काही जणांमध्ये या दोन शेजाऱ्यांमधली छाटणी कमी झाली, तर अक्षराचा भाग जागा होताच रंगाचाही जागा होईल. याला ते क्रॉस-ॲक्टिव्हेशन म्हणतात. या मताची मोठी बाजू अशी की, अक्षराला रंगच का चिकटतो याचं उत्तर ते देतं: भिंतीला भिंत लागून आहे म्हणून.

दुसरं मत त्याच वर्षी ग्रॉसेनबाखर आणि लव्हलेस यांनी मांडलं. त्यांच्या मते जास्तीच्या तारांची गरजच नाही. डोळ्याकडून आलेली खबर मेंदूत एकेक पायरी वर जाते. रेघा, आकार, अक्षर, अर्थ. पण वरूनही खाली निरोप येत असतात. हे उलटे निरोप प्रत्येकाच्या मेंदूत आहेत, फक्त त्यांच्यावर लगाम असतो, म्हणून ते भलत्या ठिकाणी पोहोचत नाहीत. तो लगाम सैल असेल, तर वरच्या पायरीवरून निघालेला निरोप रंगाच्या भागापर्यंत उतरतो. एलएसडीसारख्या द्रव्याच्या नशेत साध्या माणसालाही आवाज ऐकून रंग दिसल्याच्या नोंदी आहेत. तासाभरात मेंदूत नव्या तारा काही टाकल्या जात नाहीत. असलेल्याच वाटा मोकळ्या होतात. नशेतले रंग बदलत राहतात, सहसंवेदनातले पक्के असतात, हा फरक मात्र लक्षात ठेवायला हवा.

मग फरक ओळखायचा कसा? रंग आकाराला लागतो की अर्थाला, हा माझ्या मते नेमका प्रश्न आहे. पहिल्या मताप्रमाणे आकार ओळखला जातानाच रंग यायला हवा. रामचंद्रन यांच्या पाहणीतल्यांना रोमन पद्धतीने लिहिलेल्या पाचाला पाचाचा रंग दिसला नाही. संख्या तीच, आकार वेगळा, रंग गायब. हे पहिल्या मताच्या बाजूचं.

पण कॅनडात डिक्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली एका विद्यार्थिनीवर केलेला प्रयोग बघा. तिला सात पिवळा. पडद्यावर एकामागून एक पाच, अधिकचं चिन्ह आणि दोन दाखवले. त्यानंतर रंगाचा एक तुकडा दाखवला. तिने त्या तुकड्याचा रंग पटकन सांगायचा, मग बेरीज. तुकडा पिवळा असेल तर तिचं उत्तर झटकन येई. दुसऱ्या रंगाचा असेल तर ती अडखळे. सात पडद्यावर कुठेच नव्हता! तो फक्त तिच्या डोक्यात तयार झाला होता आणि रंग घेऊनच तयार झाला. नुसता आकार पुरेसा असता, किंवा आवश्यक असता, तर हे घडलं नसतं. इथे निरोप वरून, अर्थाकडून खाली आलेला दिसतो.

याहून मला जवळचं वाटतं ते अमेरिकेतलं एक उदाहरण, कारण ते दोन लिप्यांचं आहे. विटहॉफ्ट आणि विनावर यांनी २००६ साली एका बाईची नोंद केली. तिच्या अक्षरांचे रंग लहानपणी फ्रिजवर लावायच्या चुंबकी अक्षरांच्या रंगांशी जुळत होते. ती तीन वर्षांची असताना कुटुंब रशियाला गेलं आणि ती रशियन लिपी शिकली. नव्या अक्षरांनी रंग घेतले ते इंग्रजी अक्षरांकडूनच, कुठे आकार सारखा म्हणून, कुठे उच्चार सारखा म्हणून. म्हणजे रंग जन्मतः ठरलेले नव्हते. शिकलेले होते, आणि एका लिपीतून दुसरीत सरकलेही. 'वायरी गुंतल्या' एवढ्यावर हे कसं भागणार?

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माणसाला इथे लगेच आपला फळा आठवतो. उर्दूतला सात इंग्रजी 'व्ही'सारखा दिसतो आणि आठ म्हणजे तोच उलटा. मराठीतल्या ७ आणि ८ शी त्यांचं काही नातं नाही. आपल्या मुलांना एका संख्येचे तीन-तीन आकार सातवीच्या आत पाठ असतात. शिवाय उर्दूतला 'ऐन' शब्दाच्या सुरुवातीला एक, मध्ये दुसरा, शेवटी तिसरा आणि सुटा चौथाच. तरी वाचणाऱ्याला तो एकच ऐन. रंग निव्वळ आकाराला लागत असेल, तर अशा मुलाच्या ऐनचे चार रंग निघायला हवेत. अक्षर कोणतं हे कळल्यानंतर लागत असेल, तर एक.

माझं मत सांगतो. शेजारच्या भिंतीचा मुद्दा मला पटतो. अक्षराला वास किंवा चव न चिकटता बहुधा रंगच चिकटतो, याचं त्याहून सोपं कारण मला दिसत नाही. पण जास्तीच्या तारा हेच मूळ कारण, हे मला पटत नाही. २००७ साली रौव आणि शोल्टे यांना मेंदूच्या चित्रणात अशा माणसांच्या जोडण्या जास्त दाट दिसल्या खऱ्या, पण नंतरच्या पाहण्यांत हा फरक दरवेळी मिळाला नाही. आणि मिळाला तरी, रोजच्या वापराने पायवाटही रुंद होते. वाट रुंद होती म्हणून वर्दळ झाली, की वर्दळीने वाट रुंद झाली, हे एका फोटोवरून कळत नाही.

पालकांना आणि शिक्षकांना दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. मूल खरं सांगतंय का, हे बघायचं असेल तर रंग लिहून ठेवा, त्याला काही बोलू नका आणि दोन महिन्यांनी क्रम बदलून अचानक विचारा. सहसंवेदन असेल तर उत्तरं बहुतेक सगळी जुळतात. गंमत म्हणून सांगितलेली जुळत नाहीत. दुसरी गोष्ट रंगीत तक्त्यांची. ज्या मुलीचा सात हिरवा आहे तिच्यासमोर लाल सात आला की तिचा क्षणभर खोळंबा होतो, हे वेळ मोजून सिद्ध झालेलं आहे. बालवाडीत पाढ्यांचे सप्तरंगी तक्ते लावायची आपल्याला हौस फार. अशा मुलीला पाढे काळ्या शाईत लिहून द्या. रंग ती स्वतः भरते.