स्वप्नातला संडास

स्वप्नात आपण संडास शोधत फिरतो. एकाला दार नाही, दुसरा तुंबलेला, तिसऱ्यासमोर माणसे उभी. जाग येते तेव्हा लघवी दाटून आलेली असते. आमच्या वस्तीतल्या एका मावशींना हे स्वप्न आठवड्यातून दोन-तीनदा पडायचे. शेजारीण म्हणाली, उतारा काढा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात उतारा कसला?

मूत्राशयात साधारण १५० ते २०० मिली लघवी साठली की पहिली जाणीव होते, ४००च्या आसपास घाई होते. झोपेतही हा निरोप मेंदूकडे जातो आणि स्वप्नात मिसळतो. पण दार नसलेला संडास मूत्राशय दाखवत नाही. तो, आम्हाला वाटते, आपल्या दिवसातूनच येतो: तुटलेली कडी, बंद दिवा, बाहेरची रांग.

अंधारात जायची लाज आणि भीती, म्हणून मावशी दुपारनंतर पाणी पीत नसत. जेवणानंतर चहा मात्र घ्यायच्या आणि लघवी दाबून झोपायच्या. असे रोज केल्याने लघवीच्या संसर्गाचा धोका वाढतो. जळजळ होत असेल, थेंबथेंब होत असेल, तर लघवी तपासावी. रोज रात्री दोन-तीनदा उठावे लागत असेल, तर साखरही.

मावशींनी दिवसा पाणी वाढवले, रात्रीचा चहा सोडला, झोपण्याआधी सुनेसोबत जाऊन येऊ लागल्या. स्वप्न कमी झाले. कडी अजून तुटलेलीच आहे. वॉर्ड ऑफिसातल्या अर्जावर सह्या फक्त बायकांच्या आहेत, पुरुषांच्याही हव्यात.