दाखला गहाण, फी जप्त!

इगतपुरीचा एखादा विद्यार्थी नाशिकच्या खासगी महाविद्यालयात प्रवेश घेतो, पुढे घाटाखाली मुंबईत त्याला मनासारखी जागा मिळते आणि तो नाशिकचा प्रवेश रद्द करू पाहतो. तेव्हा त्याला उत्तर मिळते ते असे की, फी परत मिळणार नाही आणि मूळ दाखलेही तूर्त मिळणार नाहीत. दाखल्याविना मुंबईचे दार बंद, आणि कार्यालयातील कारकुनाला याची पूर्ण जाणीव असते!

विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर 2018 मध्येच ही वाट बंद केली आहे. मूळ प्रमाणपत्रे पडताळून तत्काळ परत करावीत, ती संस्थेने ठेवून घेऊ नयेत, हा आयोगाचा स्पष्ट आदेश आहे. फीचा हिशेब मात्र तारखेवर चालतो. समजा, फी साठ हजार आणि प्रवेशाची जाहीर अंतिम तारीख 31 ऑगस्ट. विद्यार्थ्याने 10 सप्टेंबरला अर्ज दिला तर ऐंशी टक्के, म्हणजे 48,000 रुपये परत मिळाले पाहिजेत. तोच अर्ज 20 सप्टेंबरला दिला तर निम्मे, आणि 30 सप्टेंबर उलटल्यावर काहीच नाही. अनामत रक्कम या हिशेबात धरली जात नाही. ती वेगळी परत करावयाची असते. एखाद्या वर्षी आयोग याहून उदार मुदत देतो. 2024 च्या प्रवेशांसाठी 30 सप्टेंबरपर्यंत पूर्ण परताव्याचा आदेश होता.

'प्राचार्य रजेवर आहेत, सोमवारी या' या गोड उत्तराचा अर्थ आता वाचकांच्या ध्यानी येईल. विद्यार्थी जितके दिवस तोंडी विनवण्या करील, तितकी संस्थेची चांदी! म्हणून अर्ज पहिल्याच दिवशी लेखी द्यावा आणि प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्यावा. कारकुनाने नकार दिल्यास त्याच दिवशी ईमेल करावा व स्पीड पोस्टाने अर्ज पाठवून पावती जपावी. अर्ज मिळाल्यापासून पंधरा दिवसांत संस्थेने पैसे दिले पाहिजेत.

न दिल्यास 2023 च्या नियमांनुसार प्रथम महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जावे. तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. त्याने समाधान न झाल्यास पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करावे; नाशिकच्या संलग्न महाविद्यालयांसाठी ते विद्यापीठ पुण्याचे. ग्राहक आयोगाचा मार्ग आम्ही सुचवीत नाही, कारण 2020 साली राष्ट्रीय आयोगाने शिक्षणसंस्थांना ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर ठरविले आहे. अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांना प्रवेश परीक्षा कक्षाचे नियम निराळे असतात, तेही पाहावेत.

या व्यवस्थेतील उणीव उघड आहे. समिती महाविद्यालयाचीच आणि तिच्या अहवालाची वाट पाहण्यात मुंबईची प्रवेशाची तारीख निघून जाऊ शकते. फी उशिरा मिळाली तरी मिळते. दाखला उशिरा मिळाला तर वर्ष जाते. दाखल्यांच्या तक्रारीचा निकाल तीन दिवसांत लावण्याची तरतूद आयोगाने करावी, आणि तोवर विद्यापीठाने अशा महाविद्यालयास दूरध्वनी करून दाखले त्याच दिवशी सोडवून द्यावेत.